पत्र्याचे पैसे आज, बॉक्सचे पैसे कधी? मुंबईतल्या कंपन्यांच्या खरेदी आणि अकाउंट्स विभागांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई आणि परिसरातल्या, छोट्या वर्कशॉपकडून माल घेणाऱ्या सर्व कंपन्यांचे खरेदी प्रमुख आणि अकाउंट्स प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कंपनीच्या खरेदी विभागाची मेल मला आली. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण अशी मेल मला याआधी दुसऱ्या दोन ठिकाणांहूनही आलेली आहे आणि हे पत्र एकट्या कोणासाठी नाही. मेलमध्ये लिहिलं होतं की पेमेंटची मुदत ३० दिवसांवरून ६० दिवस करण्यात येत आहे, ही मुदत बिल सिस्टिममध्ये नोंदलं गेल्याच्या तारखेपासून मोजली जाईल, आणि महिनाअखेरपर्यंत सोबतच्या पत्रावर सही करून पाठवली नाही तर वेंडर कोड बंद होईल. मेलच्या शेवटी सहकार्याबद्दल आभार मानले होते.

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. माझ्या वडिलांनी तो सुरू केला, गेली अकरा वर्षं मी चालवते. आम्ही कंट्रोल पॅनेलचे रिकामे बॉक्स बनवतो. पत्रा कापायचा, पंच करायचा, वाकवायचा, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करायचं, पावडर कोटिंगला पाठवायचा, परत आला की कुलूप, बिजागऱ्या आणि रबर गॅस्केट बसवून तुमच्याकडे टेम्पो लावायचा. पाच कारागीर आहेत, मी आहे आणि अर्धवेळ हिशेबाला येणारी एक मुलगी आहे. तुमच्या मेलवर सही करण्याआधी त्या सहीचा माझ्या गाळ्यात नेमका अर्थ काय होतो, ते तुम्हाला आकड्यांत दाखवायचं आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो हिशेब कधी पाहिलेला नसणार असं मी धरून चालते. पाहिला असता तर ती मेल इतक्या सहजपणे गेली नसती.

२०२५ च्या जूनमधली एक ऑर्डर घेऊ. ४० बॉक्स, प्रत्येकी ११,००० रुपये, म्हणजे ४,४०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७९,२००. बिलाची एकूण रक्कम ५,१९,२००. पीओवर, म्हणजे तुमच्या खरेदीच्या ऑर्डरवर, मुदत लिहिलेली: ३० दिवस.

३ जूनला मी कळंबोलीच्या व्यापाऱ्याकडून अडीच टन सीआर पत्रा घेतला. किलोला ६६ रुपये, जीएसटी धरून १,९४,७००. आरटीजीएसचा नंबर त्याला व्हॉट्सॲपवर गेल्यावरच पत्रा टेम्पोत चढला. मी त्याला दोष देत नाही. पत्र्याचा भाव रोज हलतो, त्याला स्वतःला माल उचलताना पैसे भरावे लागतात आणि किलोमागे त्याच्या हातात सुटतं ते फार थोडं असतं. उधारी देतो तो, पण ३० दिवसांसाठी किलोला दोन रुपये जास्त लावतो. अडीच टनाला ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला अडीच टक्क्यांहून जास्त. खासगी फायनान्सवाला मला दोन टक्क्यांनी देतो. तेव्हा व्यापाऱ्याची उधारी ऐकायला सोयीची वाटली तरी माझ्यासाठी ती सगळ्यात महाग आहे.

नागदेवी स्ट्रीटवरून कुलपं, बिजागऱ्या आणि गॅस्केट आणलं, ३५,४०० रुपये, तिथल्या तिथे. पावडर कोटिंगवाल्याने माल परत देताना ४४,८०० घेतले. कारागिरांचा या ऑर्डरपुरता पगार एक लाख. भाडं, वीज, टेम्पो असा या ऑर्डरचा वाटा ५५,०००. मिळून ४,२९,९०० रुपये माझ्या खात्यातून बाहेर पडले तेव्हा २५ जूनला ४० बॉक्स तुमच्या गेटच्या आत गेले.

मग २० जुलै आली. त्या दिवशी जूनच्या बिलांचा जीएसटी भरायचा असतो. बिलावरच्या ७९,२०० मधून खरेदीवर भरलेला ३९,९०० वजा करून ३९,३०० रुपये मी सरकारला भरले. हा कर माझा नाही, तो मी तुमच्याकडून गोळा करून द्यायचा आहे. पण कायदा बिलाची तारीख बघतो, पैसे आले की नाही ते बघत नाही. न भरल्यास १८ टक्के व्याज. म्हणजे तुमच्याकडून न आलेला कर मी तुमच्या वतीने आधी भरला. तुम्ही मात्र माझं बिल पोर्टलवर दिसलं की त्याचं क्रेडिट घेऊ शकता आणि मला पैसे द्यायला त्या क्रेडिटच्या दृष्टीने तुमच्याकडे १८० दिवस असतात.

आता या एका ऑर्डरमध्ये माझे एकूण ४,६९,२०० रुपये गेलेले आहेत. येणार ५,१९,२००. नफा ५०,०००. टॅलीमध्ये हा नफा २५ जूनलाच दिसायला लागतो. खात्यात मात्र त्या दिवशी फक्त खड्डा असतो.

ठरल्याप्रमाणे पैसे २५ जुलैला यायला हवे होते. आले २५ ऑगस्टला. मध्ये काय झालं ते मी तुमच्याच माणसांना फोन करकरून तारीखवार लिहून ठेवलं आहे. माल आला २५ जूनला. स्टोअरने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला ३ जुलैला, कारण तपासणी करणारे साहेब रजेवर होते. बिल अकाउंट्सकडे जाऊन सिस्टिममध्ये नोंदलं गेलं ११ जुलैला. तुमचे ३० दिवस तिथून सुरू झाले आणि १० ऑगस्टला संपले. पण पेमेंट महिन्यातून एकदाच, २५ तारखेला निघतं. एकाही माणसाने मुद्दाम अडवलं नाही. फोनवर सगळे नीट बोलले. तरी ३० दिवसांचे ६१ दिवस झाले आणि ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

त्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आले. माझे तीन कारागीर कोकणातले. २३ तारखेच्या शनिवारी ते गावाला निघणार होते, पगार आणि उचल हातात घेऊन. ती रक्कम मी खासगी फायनान्सकडून आणली. दोन दिवसांनी तुमचं पेमेंट जमा झालं. घेतलेलं कर्ज दोन दिवसांत परत करता येत नाही, महिन्याचं व्याज द्यावंच लागतं.

एका ऑर्डरपुरतं हे असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. अडचण अशी की काम थांबत नाही, आणि थांबवूनही चालत नाही. समजा अशीच ऑर्डर दर महिन्याला आहे: ३ जूनला एक सुरू, ३ जुलैला दुसरी, ३ ऑगस्टला तिसरी. पैसे वेळेवर आले असते तर २४ जुलैला, म्हणजे पहिलं पेमेंट येण्याच्या आदल्या दिवशी, माझे पहिल्या ऑर्डरचे ४,६९,२०० आणि दुसरीचा पत्रा आणि हार्डवेअर मिळून २,३०,१०० अडकलेले असते. म्हणजे ६,९९,३००, आणि वर दुसऱ्या ऑर्डरचा चालू पगार. प्रत्यक्षात पैसे २५ ऑगस्टला आले. तोवर दुसरी ऑर्डर पूर्ण होऊन तिचाही जीएसटी भरून झाला होता आणि तिसरीचा पत्रा आलेला होता. २४ ऑगस्टला अडकलेली रक्कम ११,६८,५००.

या दोन आकड्यांमधला फरक ४,६९,२०० आहे, एका अख्ख्या ऑर्डरइतका. तुमच्याकडे 'महिनाभर उशीर' म्हणतात तेव्हा एक बिल महिनाभर मागे सरकलं असं वाटतं आणि पुढच्या महिन्यात ते मिळालं की विषय संपला असंही वाटतं. माझ्याकडे तो संपत नाही. उशीर दर बिलाला तेवढाच राहिला तर एक पूर्ण ऑर्डर मला कायमची स्वतःच्या पैशांतून तुमच्या दारात उभी ठेवावी लागते. ते पैसे मी धंद्यातून उभे करायचे ठरवले तर एका ऑर्डरमागे ५०,००० या हिशेबाने नऊ ऑर्डरींचा सगळा नफा त्यात टाकावा लागतो आणि तरी थोडे कमी पडतात. त्या नऊ महिन्यांत घरी एक रुपया न्यायचा नाही. कर्जाने उभे केले तर दोन टक्क्यांनी महिन्याला ९,३८४ रुपये व्याज, म्हणजे ५०,००० मधला जवळजवळ पाचवा हिस्सा.

तुमच्यापैकी काहीजण आपुलकीने म्हणतात, "मॅडम, तुम्हाला ऑर्डर वाढवून देतो, मग जमेल ना?" मनापासून म्हणतात हे मला कळतं. पण ऑर्डर दुप्पट झाली की पत्राही दुप्पट, तोही आगाऊ, आणि खड्डाही दुप्पट. आमच्या इस्टेटमधले जे दोन गाळे माझ्या डोळ्यांसमोर बंद झाले, ते बंद झाले तेव्हा दोघांच्या हातात काम भरपूर होतं.

तुम्ही विचाराल की मी माझ्या बाजूने काय करते. ते सांगणं भाग आहे, नाहीतर हे रडगाणं ठरेल. मी एक वही ठेवते. त्यात पुढच्या तेरा आठवड्यांचे रकाने असतात. जाणाऱ्या पैशांच्या तारखा पेनाने लिहिते, कारण त्या हलत नाहीत: पत्रा, पगार, भाडं, २० तारीख. येणाऱ्या पैशांच्या पेन्सिलने. पेन्सिलने लिहिताना पीओवरची मुदत मी बघतच नाही. त्या कंपनीने मागची सहा बिलं डिलिव्हरीपासून किती दिवसांनी दिली ते काढते आणि त्यातला सगळ्यात उशिराचा दिवस धरते. सरासरी धरून मी दोनदा फसले आहे. ज्या आठवड्यात बेरीज उणे होते, तो मला सात-आठ आठवडे आधी दिसतो. त्या वेळी पत्र्याचा भाव बोलता येतो, बँकेत जाता येतं, एखादी ऑर्डर नाही म्हणता येते. तोच आठवडा दोन दिवस आधी कळला तर फक्त फायनान्सवाला उरतो.

महिनाअखेरीला माल तयार झाला आणि तुम्हाला घाई नसेल तर मी तो २९-३० तारखेला न पाठवता १ तारखेला पाठवते आणि बिलही १ चंच करते. तेवढ्याने जीएसटी भरायची तारीख एक महिना पुढे जाते. तुमची बिलं २५ च्या आत नोंदली जावीत म्हणून माझी हिशेबाची मुलगी डिलिव्हरीच्या तिसऱ्या दिवशी जीआरएन नंबर मागते, सहाव्या दिवशी परत मागते. पत्रा शक्यतो दोन हप्त्यांत उचलते: आधी २० बॉक्सचा, ते वेल्डिंगला गेले की उरलेल्या २० चा. पहिले २० बॉक्स पावडर कोटिंग होऊन आले की लगेच पाठवावेत आणि त्यांचं बिल करावं, म्हणजे अर्धे पैसे दहा-बारा दिवस आधी मार्गाला लागतात. पण तुमच्यातल्या अनेकांचा नियम आहे की पीओ पूर्ण झाल्याशिवाय बिल घेणार नाही. तुम्हाला २० बॉक्स लागलीच हवे असतात, ते तुम्ही वापरायलाही घेता. बिल मात्र ४० झाल्यावर.

बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा मला आहे. तीही तुमच्या हातात आहे, हे कदाचित तुम्हाला माहीत नसेल. मी दर महिन्याला बँकेला स्टॉक आणि येणं यांचं पत्रक देते. त्यातल्या किती रकमेवर मला पैसे काढता येतील ते बँक ठरवते, आणि माझी बँक ९० दिवसांपेक्षा जुनं बिल त्यात धरतच नाही. आता तुमची नवी अट जूनच्या त्याच बिलाला लावून बघा. नोंद ११ जुलै, ६० दिवस ९ सप्टेंबरला पुरे, पेमेंट २५ सप्टेंबरला. डिलिव्हरीपासून ९२ दिवस. पैसे येण्याच्या आदल्या दिवशी ते बिल बँकेच्या लेखी शून्य होतं. आणि खड्ड्यात आणखी एका ऑर्डरची, आणखी ४,६९,२०० रुपयांची भर पडते.

कायद्याविषयीही स्पष्ट बोलते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचं कलम १५ सांगतं की लेखी मुदत ठरलेली असेल तर ती पाळायची, पण ती कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. माझी सही घेऊन तुम्ही ६० दिवस लिहिले तरी कायद्यापुढे ते ४५ च राहतात. याहून महत्त्वाचं म्हणजे दिवस कुठून मोजायचे, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. मालात दोष असेल तर तुम्ही १५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं, मग तो दूर केल्याच्या दिवसापासून मोजायचं. लेखी कळवलं नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं आणि मोजणी पोचल्याच्या दिवसापासून. जीआरएन, बिलाची नोंद, पेमेंटचा दिवस यांना त्या मोजणीत कुठेही जागा नाही. म्हणजे कायद्याचं घड्याळ तुमच्या गेटवर सुरू होतं आणि तुमचं तिसऱ्या मजल्यावर, सोळा दिवसांनी. माझं सगळं भांडण त्या सोळा दिवसांशी आणि २५ तारखेशी आहे.

कलम १६ प्रमाणे उशिराच्या दिवसांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, व्याज देय होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बँक दर ५.७५ टक्के होता, त्याची तिप्पट १७.२५. माझ्या बिलावर एका महिन्याचे साधारण साडेसात हजार. ते मी मागितले नाहीत. आमच्या इस्टेटमध्ये एकाने सरकारच्या समाधान या तक्रार पोर्टलवर अर्ज करून सुविधा परिषदेकडून निकाल मिळवला. त्याचे पैसे व्याजासकट आले, पुढची पीओ मात्र पुन्हा कधी आली नाही. तुमच्यातल्या कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं, फक्त कोटेशनसाठी विचारणं थांबलं. हे बघितल्यावर आम्ही बाकीचे व्याजाचा शब्दही काढत नाही.

आयकर कायद्यात २०२३ साली ४३बी(एच) हे कलम आलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी वजावटीला मिळेल, असा त्याचा अर्थ. त्याचा परिणाम मला माझ्या वहीत दिसतो. मार्चमध्ये जुनी बिलं भराभर सुटतात, कारण ३१ मार्चला थकलेलं राहिलं तर तुमचा कर वाढतो. जूनचं बिल ऑगस्टमध्ये दिलं तर दोन्ही एकाच आर्थिक वर्षात, तुमचं काहीच बिघडत नाही. मार्चला माणूस वेगळा नसतो, सॉफ्टवेअर वेगळं नसतं, तपासणीही तीच असते. मार्चला जे जमतं ते जूनला जमण्यासारखं आहे, एवढंच मला त्यातून दिसतं.

ट्रेड्स या ऑनलाइन मंचाची व्यवस्था याच अडचणीसाठी उभी केली गेली. मी बिल चढवायचं, तुम्ही ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात. मी त्यातला परवडणारा दर घ्यायचा आणि एक-दोन दिवसांत पैसे माझ्या खात्यात. तुम्ही तुमच्या तारखेला बँकेला द्या. तुम्ही चुकलात तर बँक माझ्याकडे मागायला येत नाही. आणि बोलीचा दर तुमची पत बघून ठरतो, माझी नाही, म्हणून तो मला खासगी फायनान्सपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी बंधनकारक झाली. ज्या कंपनीची मला मेल आली, तिचीही तिथे नोंदणी आहे. मी चढवलेली दोन बिलं मात्र मान्य न होता तशीच पडून राहिली. विचारलं तर उत्तर आलं, "आमच्याकडे ते अजून कोणाला नेमून दिलेलं नाही." नोंदणी झाली, पण बटण दाबायला माणूस नाही, तोवर माझ्या दृष्टीने ती नोंदणी झालेलीच नाही.

म्हणून मागण्या सांगते. मी आगाऊ पैसे मागत नाही, दयाही मागत नाही.

मुदत गेटवर माल उतरल्याच्या तारखेपासून मोजा. डिलिव्हरी चलनावर वॉचमन जो शिक्का मारतो, ती तारीख. मालात खोट असेल तर १५ दिवसांत लेखी कळवा, मी टेम्पो पाठवून परत आणते आणि दुरुस्त करून देते. तुमची तपासणी, नोंद, सह्या त्या मुदतीच्या आत बसवा. बाहेर नको.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी महिन्यातून एका ऐवजी दोन वेळा पेमेंट काढा, १० आणि २५. माझं जूनचं बिल तुमच्याच घड्याळाने १० ऑगस्टला देय होतं. १० ला पेमेंटचा दिवस असता तर इतर काहीही न बदलता मला पंधरा दिवस मिळाले असते आणि कारागिरांचा पगार माझ्याच पैशांतून झाला असता.

अर्धा माल घेतलात तर अर्ध्याचं बिल घ्या.

ट्रेड्सवर आलेलं बिल मान्य करायला एका माणसाचं नाव ठरवा आणि त्याचा फोन नंबर वेंडरना कळवा. हे झालं तर खरं सांगते, तुमची मुदत ४५ दिवस असली तरी माझी तक्रार नाही. मला पैसे मिळालेले असतील आणि तुम्ही तुमच्या तारखेला बँकेला द्याल.

आणि ज्यांना यातलं काहीच शक्य नाही, त्यांनी पत्रा स्वतः विकत घेऊन द्यावा. हे नवीन नाही, आमच्या धंद्यात पूर्वीपासून चालतं. तुमचा पत्रा माझ्या गाळ्यात येईल, मी मजुरी, कोटिंग आणि हार्डवेअर लावीन, कापून उरलेल्या भंगाराचा किलोवर हिशेब देईन. तुम्ही मोठे खरेदीदार आहात, कळंबोलीत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला भाव मिळेल आणि उधारीही मिळेल. ५,१९,२०० च्या ऑर्डरमध्ये १,९४,७०० पत्र्याचे आहेत. ते माझ्या डोक्यावरून उतरले की उरलेलं मी उशिरासकट कसंबसं पेलू शकते. तुमचं बिलही तेवढं लहान होईल.

साठ दिवसांच्या पत्रावर मी सही करणार नाही. त्याऐवजी वरच्या मागण्यांसह एक पानी पत्र मी त्या खरेदी विभागाला स्पीड पोस्टाने पाठवलं आहे, पोच आली आहे. हातात असलेल्या ४० बॉक्सपैकी २० तयार आहेत आणि परवा कोटिंगहून येतील. ते ठरल्या दिवशी तुमच्या गेटवर उतरतील, पुढचे २० ही उतरतील. त्यानंतरच्या पीओसाठी पत्र्याचा भाव मला येत्या शुक्रवारी बांधायचा आहे. तो बांधायचा की नाही, हे तुमच्या उत्तरावर ठरेल. तोवर वहीतलं ते पान मी कोरं ठेवलं आहे.

आपली विश्वासू,
साकीनाक्याची एक फॅब्रिकेटर